मोटेचा सोंदूर आणि माझा शनिवार-रविवार

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा स्वतःच्या फोनवर पैसे मिळवायला गेले आणि गमावून बसले. तिथूनच सांगते, कारण पुढचं सगळं त्या फजितीतून निघालं.

‘घरबसल्या डेटा एंट्री, फक्त मोबाईल पुरेसा’ असा मेसेज मैत्रिणींच्या ग्रुपवर आला होता. पाच दिवसांत काही पानं टाइप करून द्यायची, बदल्यात सात हजार. नोंदणीचे म्हणून बाराशे आधी भरायचे, ते नंतर परत. मी साठवलेले पैसे भरले. इंग्रजी अक्षरांची पुसट चित्रं आली, त्यांत धड शब्दच नव्हते. रात्री जागून पाचव्या दिवशी पानं पाठवली, तर उत्तर आलं की तुमची अचूकता नव्वद टक्क्यांच्या खाली आहे, करार मोडल्याबद्दल छप्पन्नशे भरा. दोन दिवसांनी कुण्या वकिलाच्या नावाची नोटीस व्हॉट्सॲपवर आली. माझे हातपाय गार पडले. कॉलेजातल्या आमच्या सरांनी ती नोटीस वाचली आणि म्हणाले, “एक रुपया देऊ नकोस. कोर्टाच्या गोष्टी अशा फोटोत येत नाहीत.” त्यांच्यासमोरच १९३० या नंबरवर फोन लावला, cybercrime.gov.in वर तक्रार टाकली आणि तो नंबर ब्लॉक केला. धमक्या थांबल्या. बाराशे मात्र गेले ते गेलेच.

पण त्या पाच रात्रींत एक गोष्ट लक्षात आली होती. मी फोनवर भराभर टाइप करू शकते, आणि इंग्रजीपेक्षा मराठी कितीतरी सरस. कराडात इंग्रजी टाइप करणारे पुष्कळ आहेत. हाताने लिहिलेली मराठी वही शुद्ध करून टाइप करून देणारं माणूस शोधायला मात्र लोक डीटीपीच्या दुकानांचे उंबरे झिजवतात.

आमच्या गल्लीत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी राहतात. त्यांनी आठवणी लिहिल्या होत्या, फुलस्केपच्या दोन जाड वह्यांत. आईने भाजी आणता आणता सांगितलं की गुरुजी टाइप करणारा शोधताहेत. मी गेले. गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे आणि मग माझ्या फोनकडे बघितलं.

“ह्याच्यावर करणार? कॉम्प्युटर नाही?”

“नाही गुरुजी. पहिली दोन पानं फुकट करून देते. आवडलं तर पुढचं बोलू.”

माझा फोन अगदी साधा आहे, तीन जीबी रॅमचा, कोपऱ्यात काचेला तडा गेलेला. त्यावर गूगल डॉक्स आणि मराठी कीबोर्ड, एवढीच माझी यंत्रसामग्री. पद्धत अशी की वही समोर ठेवायची, कीबोर्डवरचा माइक दाबायचा आणि वाचत सुटायचं. अंगठ्याने टाइप करण्यापेक्षा हे तिप्पट वेगाने होतं. दोन-तीन सेकंद थांबलात की माइक आपोआप बंद पडतो, म्हणून आधी पूर्ण परिच्छेद मनात वाचून घ्यायचा आणि मग एका दमात बोलायचा. विरामचिन्हं तो देत नाही, माझ्या फोनवर तरी नाही. स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, नवा परिच्छेद, हे सगळं नंतर हाताने.

एक गोष्ट ठेच लागल्यावर कळली. सगळी वही एकाच फाइलमध्ये घालायची नाही. तीस-चाळीस पानांनंतर साधा फोन अडखळायला लागतो, अक्षर दाबलं की ते उमटायला श्वासभर वेळ जातो. आता मी दहा पानांची एक फाइल करते आणि नाव ‘गुरुजी ०१-१०’ असं ठेवते.

पहिल्या दोन पानांत गुरुजींच्या लहानपणीची विहीर होती. मी वाचलं, “मोटेचा सोंदूर तुटला आणि बैल धावेवर थांबले.” फोनने लिहिलं, ‘मोठेचा सुंदर तुटला आणि बैल धावे वर थांबले’. मला तेव्हा सोंदूर म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. विहिरीचं पाणी बैलांकडून उपसायची ती मोट आमच्या पिढीने पाहिलेलीच नाही. मी ते ‘सुंदर’ पाहून थांबले म्हणून वाचले, नाहीतर तसंच गेलं असतं. गुरुजींनी वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून दाखवलं. मोटेच्या वरच्या तोंडाला बांधतात तो जाड नाडा, खालच्या सोंडेला बांधतात तो बारीक सोंदूर, आणि बैल पुढे-मागे करतात तो उतार म्हणजे धाव. त्या दिवशी मला या धंद्याचं खरं मर्म कळलं. बोलून टाइप करणं कुणालाही जमतं. पैसे मिळतात ते पुढच्या वाचनाचे, जिथे फोनने ऐकलेलं ‘सुंदर’ आपल्याला खटकायला हवं.

खटकण्याच्या जागा हळूहळू पाठ झाल्या. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’, ‘सुत’ आणि ‘सूत’ हे कानाला सारखेच, त्यामुळे फोन मनाला येईल ते लिहितो. ‘च’ आणि ‘ही’ शब्दाला जोडून हवे असतात, तो कधीकधी सुटे टाकतो. गावांची आणि माणसांची नावं तर देवाच्या भरवशावर. सगळ्यात लबाड जोडी ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही. गुरुजींच्या वहीत लग्नाचं वर्णन होतं. आचाऱ्यांना पहाटेच चूल पेटवायला सांगितली, असं. माझ्या फाइलीत चूल पेटवायला आचार्य गेले होते. गुरुजी हसून हसून खोकले.

तो ‘ऱ्य’ मला फार छळतो. कीबोर्डवर वेगळा ऱ आहे, तो शोधून, हलन्त देऊन, मग य घ्यायचा. काही ठिकाणी तोच आकार साध्या र नंतर एक न दिसणारं चिन्ह घालून तयार झालेला असतो. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, पण फाइलमध्ये ‘दऱ्या’ शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या दऱ्या सापडत नाहीत. हे का महत्त्वाचं ते छापखान्यात कळलं, तिकडे येतेच.

गुरुजींशी एका गोष्टीवर दोन रविवार चर्चा चालली. ते ‘घरांत’, ‘कां’, ‘नाहीं’ असे जुने अनुस्वार देऊन लिहितात. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी १९६२ मध्ये उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, पण गुरुजींची शाळा त्याआधीची. मी म्हटलं, काढू का? ते म्हणाले, “वाचणारी नातवंडं आहेत, काढ. पण आईची जी पत्रं मी उतरवून घेतलीत, त्यांतले ठेव.” तेव्हापासून मी प्रत्येकाला आधीच विचारून घेते की भाषा जशीच्या तशी ठेवायची की आजच्या नियमाने करायची. ही गोष्ट नंतर विचारली तर सगळी पानं पुन्हा चाळावी लागतात, आणि त्या चाळण्याचे पैसे कुणी देत नाही.

आता पैशाचं. पहिली वही १६८ पानांची होती. मी पानाला पंधरा रुपये सांगितले, कारण आकडा कुठून आणायचा हेच माहीत नव्हतं. वहीच्या एका पानात सरासरी दोनशे शब्द. वाचून घालायला चार मिनिटं, दुरुस्त करायला आठ, आणि गुरुजींनी तपासून खुणा केल्यावर पुन्हा तीन. म्हणजे पानाला पंधरा मिनिटं, तासाला चार पानं, साठ रुपये. शनिवार-रविवार मिळून पाच-सव्वापाच तास बसत होते, एकवीसेक पानं व्हायची. आठ आठवड्यांत वही संपली आणि २५२० रुपये मिळाले. दर रविवारी संध्याकाळी झालेल्या पानांचे पैसे त्याच दिवशी घ्यायचे, हे मी पहिल्यापासून पाळलं. बाराशेच्या धड्यानंतर एवढी अक्कल आली होती. सगळं संपल्यावर एकदम देतो म्हणणारे नंतर भेटले. त्यांतल्या एकांची चाळीस पानं मी करून ठेवली आणि ते अजून ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतात.

पानाच्या दरातली गोची दुसऱ्या गिऱ्हाइकाने दाखवली. कीर्तनकार काका होते. त्यांनी पानं दिली तीस, पण अक्षर मुंगीएवढं, समासातही लिहिलेलं, एका पानात साडेचारशे शब्द. पंधरा रुपयांत माझा अर्धा तास जायला लागला. तेव्हापासून मी शंभर शब्दांना दहा रुपये घेते. डॉक्सच्या मेनूत शब्दसंख्या दिसते, ती दोघांनाही दिसते, वाद उरत नाही. त्यात दोन वेळा दुरुस्ती धरलेली. तिसऱ्यांदा कुणी नवा मजकूर घालायला लागलं तर त्याचे शब्द वेगळे मोजते. हा नियम तोंडी न ठेवता व्हॉट्सॲपवर लिहून पाठवते आणि समोरच्याचं ‘हो’ आल्यावरच वही उघडते.

छापखान्याची गोष्ट अशी. गुरुजींनी पहिल्या वहीची पन्नास पुस्तकं काढायचं ठरवलं. मी फाइल पाठवली आणि छापखान्यातून फोन आला, “ताई, हे सगळे चौकोन दिसतायत.” जाऊन बघितलं तर तिथला दादा जुन्या पेजमेकरवर काम करत होता. पानं लावायच्या त्या सॉफ्टवेअरला फोनवरचं युनिकोड मराठी कळत नाही. त्याच्याकडचे फॉन्ट वेगळ्या पद्धतीचे, म्हणून माझा मजकूर आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. काढला तर मजकूर आला, पण ‘दऱ्या’मधला र मोडला, ‘ॲड.’चा ॲ गायब झाला आणि दोन-तीन जोडाक्षरं सुटी पडली. एकाच आकाराचे दोन प्रकार असल्याने काही ऱ्य नीट आले होते आणि काही नाही. हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण वरवर बघणाऱ्याला पान बरोबर वाटतं. दादाने आणि मी एक रविवार बसून १६८ पानांचे ऱ्य शोधले. त्याचे पैसे कुणाकडे मागणार?

आता काम घेतानाच विचारते की हे छापायचं आहे का, आणि कुठे. छापायचं असेल तर आधी एकच ओळ पाठवते: ‘दऱ्या, तऱ्हा, ॲड., ऑगस्ट, ट्रॅक्टर, हृदय, ज्ञान, श्री, कृष्णा’. दादा ती कन्व्हर्ट करून त्याचा फोटो धाडतो. जे मोडलं असेल ते कसं लिहायचं हे तिथेच ठरतं. त्यासाठी पाच मिनिटं लागतात.

मात्र वह्यांवर दरमहा पैसे येत नाहीत. एक वही संपली की पुढची कधी येईल सांगता येत नाही. मधले दोन महिने मी रिकामी होते. नियमितपणा आला तो एका स्थानिक साप्ताहिकामुळे, आणि तोही छापखान्यातल्या ओळखीनेच. साप्ताहिक मंगळवारी निघतं. गावोगावचे वार्ताहर बातम्या अजून हाताने लिहितात आणि फोटो काढून पाठवतात. यात्रा, सोसायटीची निवडणूक, कबड्डीचे सामने, दहावीतले गुणवंत. संपादक काकांकडे आधी जो मुलगा होता तो पुण्याला नोकरीला गेला. ठरलं असं की शुक्रवार रात्रीपर्यंत आलेलं सगळं मी शनिवारी-रविवारी टाइप करायचं, तीन हजार शब्दांपर्यंत आठवड्याला तीनशे रुपये, वर गेलं तर शंभराला दहा. महिन्याला बाराशे. मोठ्या वहीपेक्षा हे बाराशे मला जास्त प्रिय आहेत, कारण ते येणार हे माहीत असतं. बसचा पास आणि मेसच्या चहाचा हिशेब त्यावर बसतो, वहीचे पैसे आले तर ते बाजूला पडतात.

इथे अडचण वेगळी आली. वही टेबलावर ठेवता येते, फोटो मात्र फोनमध्येच असतो, आणि त्याच फोनवर बोलून टाइप करायचं. स्क्रीनचे दोन भाग केले की माझा फोन गुदमरतो. मग आईचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करते, त्यावर फोटो, आणि माझ्या हातात माझा फोन. शनिवारी सकाळी दोन तास आईने फोन मागायचा नाही, असा तह आहे. आणखी एक तह स्वयंपाकघराशी. कुकरची शिट्टी झाली की माझ्या बातमीत काहीतरी भलतंच उमटतं. एकदा सरपंचांच्या भाषणात मध्येच ‘मीठ बघ गं’ आलं होतं. आईचा आवाज. ते वेळेवर सापडलं.

जे सापडलं नाही ते सांगायलाच हवं. एका देवळाच्या जीर्णोद्धाराची देणगीदारांची यादी होती, पंचेचाळीस नावं, पुढे आकडे. हाताने लिहिलेल्या मराठीत १ आणि ९ यांच्यात वळणाचाच काय तो फरक. एका आजोबांनी दिलेले ९,००१ रुपये मी १,००१ छापून आणले. मंगळवारी दुपारी ते काठी घेऊन काकांच्या ऑफिसात. काकांनी पुढच्या अंकात दुरुस्ती छापली, चौकटीत. मला ते काही बोलले नाहीत, नुसतं म्हणाले, “ह्या आठवड्याचे राहू देत.” मीही मागितले नाहीत.

त्यानंतर यादी आणि आकडे मी बोलून घालतच नाही, अंगठ्यानेच टाइप करते. मग रविवारी संध्याकाळी त्या वार्ताहराला फोन लावून यादी मोठ्याने वाचून दाखवते आणि बेरीज जुळवते. बातमीत एकूण रक्कम दिलेली असते, माझी बेरीज तिच्याशी जुळली नाही तर कुठेतरी १ आणि ९ची गफलत आहे हे लगेच कळतं. त्या आजोबांच्या यादीतही एकूण रक्कम लिहिलेली होती. आठ हजारांचा फरक होता. मी बेरीजच केली नव्हती.

फोटो कसे पाठवायचे हेही आता वार्ताहरांना सांगून ठेवलंय. उजेडात, कागद सपाट ठेवून, एका फोटोत एकच पान आणि कोपऱ्यात पानाचा नंबर. सुरुवातीला नंबर नसायचे. एका बातमीचं दुसरं पान दुसऱ्याच बातमीला जोडलं जाऊन कबड्डीच्या संघाने रक्तदान शिबिर घेतलं होतं. काका म्हणाले, बरं झालं, चांगलं काम केलं त्यांनी.

काय घ्यायचं नाही, हेही थोडंफार ठरलंय. जमिनीचे कागद, करारनामे टाइप करायला येतात, मी नको म्हणते. त्यात एक शब्द चुकला तर मला निस्तरता येणार नाही. मित्रमैत्रिणींचे कॉलेजचे प्रकल्प पैसे घेऊन लिहून द्यायलाही मी जात नाही. त्यात सेमिस्टरअखेरीस गर्दी होते आणि तेव्हा माझीही परीक्षा असते. परीक्षेच्या तीन आठवड्यांत साप्ताहिकाचं काम वर्गातली एक मैत्रीण करते आणि पैसे तीच घेते. काकांना हे पहिल्या दिवशी सांगितलेलं असल्याने काम हातचं गेलं नाही. तिला शिकवायला एक रविवार गेला. तिच्या पहिल्या फाइलीत ‘ऱ्य’ एकही नव्हता, सगळे ‘र्य’. मी काही बोलले नाही, नुसती आचाऱ्यांची गोष्ट सांगितली.

परवा गुरुजींनी दुसरी वही दिली. हिच्यात ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या भूकंपाचं प्रकरण आहे. कोयनेचा धक्का बसला तेव्हा त्यांची पहिली नेमणूक पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर होती. शाईचं पेन, ओलीने फुटलेली अक्षरं, काही ओळी नंतर शिसपेन्सिलीने घातलेल्या. वही १९० पानांची आहे. मी बोटाने ओळी मोजल्या, पानात साधारण दोनशे दहा शब्द निघाले. दर सांगितला आणि व्हॉट्सॲपवर लिहून पाठवला. गुरुजींनी चष्मा वर केला.

“मागच्या वेळी पंधरा रुपये होते की गं पानाला.”

“मागच्या वेळी मला सोंदूर माहीत नव्हता, गुरुजी.”

त्यांनी ‘हो’ टाइप करायला घेतलं. अंगठा थरथरत होता, दोनदा चुकलं. शेवटी माइकच्या खुणेवर बोट ठेवून ते मोठ्याने म्हणाले, “हो.” फोनने ‘वो’ लिहिलं. मी ते धरलं आणि शनिवारी पहिली दहा पानं घेऊन बसले.